नोटरी झालेला कागद हातात आला, आता तो शिक्का आणि रजिस्टरची नोंद खरी आहे का हे कसं तपासायचं

माझ्या एका मैत्रिणीला भाड्याने फ्लॅट घ्यायचा होता. मालक दुसऱ्या राज्यात नोकरीला, त्यामुळे सगळं बोलणं एका माणसाशी, आणि त्या माणसाकडे मालकाचं नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र. त्यात लिहिलेलं की फ्लॅट भाड्याने द्यायचा, डिपॉझिट घ्यायचं, पावती द्यायची, सगळे अधिकार याला. कागदावर गोल शिक्का, लाल नोटरीयल तिकीट, सही, तारीख, नोंद क्रमांक, सगळं जागच्या जागी. ती म्हणाली, एवढं सगळं आहे म्हणजे खरंच असणार ना. मी काही वर्षं एका वकिलांकडे कारकुनी केलीये, त्यामुळे मला उलट वाटलं, म्हटलं डिपॉझिट देण्याआधी दोन दिवस दे मला. ते दोन दिवस कसे गेले तेच खाली क्रमाने सांगतो, म्हणजे तुमच्यावर वेळ आली तर कुठून सुरुवात करायची ते कळेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नोटरी काय करतो, तर समोर आलेला माणूस कोण आहे ते बघतो, त्याची सही आपल्यासमोर झाली असं लिहून देतो, शपथ देतो, आणि हे केलं म्हणून स्वतःच्या रजिस्टरमध्ये नोंद करतो. कागदात लिहिलेला मजकूर खरा आहे याची हमी तो देत नाही. म्हणून आपण तपासणार ते एवढंच, की हा नोटरी खरा आहे का, त्या दिवशी त्याला अधिकार होता का, आणि हे काम त्याने खरंच केलं का. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं तेच सोडून देतात, कारण त्यासाठी जागेवरून उठावं लागतं.

पहिलं काम: ओरिजिनल मागा आणि शिक्का नीट वाचा

व्हॉट्सॅपवर आलेला फोटो किंवा झेरॉक्स यावर शिक्का तपासता येत नाही, वाचता येतो फक्त. तेव्हा ओरिजिनल समोर ठेवा, दिवसाच्या उजेडात. १९५६ च्या नोटरी नियमांमध्ये शिक्का कसा हवा ते सरळ लिहिलंय: साधा गोल, ५ सेंटीमीटर व्यासाचा, त्यात नोटरीचं नाव, ज्या भागासाठी नेमणूक आहे त्या भागाचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, नोटरी हा शब्द, आणि कुठल्या सरकारने नेमलंय ते. शाळेतली पट्टी घ्या आणि मोजा, हसू नका, मी खरंच मोजतो. आता एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं म्हणून लगेच बोंब मारायची नाही, रबर झिजतं, शाई पसरते, आणि काही चांगल्या नोटरींचे शिक्केसुद्धा थोडे लहान बनवलेले असतात. पण साडेतीन सेंटीमीटरचा शिक्का, किंवा ज्यात रजिस्ट्रेशन नंबरच नाही, किंवा सरकारचं नाव नाही, असा दिसला तर पुढची तपासणी जास्त डोळ्यात तेल घालून करायची.

गोल शिक्क्याशेजारी बहुतेक वेळा एक चौकोनी शिक्का असतो, त्यात नोटरीचं नाव, ऑफिसचा पत्ता, फोन, कधी सर्टिफिकेट कुठपर्यंत चालू आहे ती तारीख, आणि हाताने लिहिलेला नोंद क्रमांक असतो. हा चौकोनी शिक्का सोयीसाठी असतो, पण त्यातला नोंद क्रमांक आणि तारीख आपल्याला पुढे लागणार, म्हणून एका कागदावर उतरवून घ्या. ओरिजिनलवर पेनाने खुणा करू नका, पुढे प्रकरण वाढलं तर तोच पुरावा आहे.

मग शाई बघा. रबराचा शिक्का मारला की शाई कुठे गडद कुठे फिकी पडते, कडेला थोडी फुटते, आणि बऱ्याचदा सहीच्या रेघेवरून जाते. कलर प्रिंटरने छापलेला शिक्का सगळीकडे एकसारखा दिसतो आणि भिंगातून किंवा फोनच्या कॅमेऱ्यात झूम करून बघितला तर बारीक बारीक रंगीत ठिपके दिसतात. असे ठिपके दिसले तर तुमच्या हातात आहे तो ओरिजिनल नाही, कॉपी आहे, मग देणारा काहीही म्हणो. उलट शाईचा खरा शिक्का दिसला तर त्याने फारसं काही सिद्ध होत नाही बरं का, कारण रबर स्टॅम्प करून घेणं कोणालाही जमतं. शिक्का नापास होऊ शकतो, पण शिक्का पास झाला म्हणून कागद पास होत नाही.

तिकिटाकडेही एक नजर टाका. नोटरीयल तिकीट चिकटवल्यावर ते परत वापरता येऊ नये म्हणून त्यावर सही किंवा शिक्का ओढून ते रद्द करावं लागतं. कोरं करकरीत तिकीट नुसतं चिकटवलेलं असेल, किंवा तिकिटावर अर्धा शिक्का आणि त्याचा उरलेला अर्धा भाग खालच्या कागदावर कुठेच नाही, तर ते तिकीट दुसऱ्या कागदावरून उचकटून आणलेलं असू शकतं.

आणि कागद स्टॅम्प पेपरवर असेल तर तो उलटा करून बघा. मागे किंवा वर विकल्याची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं. स्टॅम्प २० तारखेला विकला गेलाय आणि नोटरीची तारीख १४ आहे, तर हे होऊच शकत नाही, कुणीतरी मागची तारीख टाकलीये. ही चूक इतकी साधी आहे की कोणी करणार नाही असं वाटतं, पण करतात.

मैत्रिणीच्या कागदात यातलं काहीही सापडलं नाही. शिक्का जवळपास ५ सेंटीमीटर, शाई खरी, तिकीट रद्द केलेलं, स्टॅम्प ११ मार्च २०२३ चा आणि नोटरीची तारीख १४ मार्च २०२३, नोंद क्रमांक ३१८. ती म्हणाली बघ, तू उगाच शंका घेतोस.

दुसरं काम: हा नोटरी खरंच नेमलेला आहे का

इथे नवीन माणसं हमखास गोंधळतात. नोटरी कायदा १९५२ चा, आणि त्यात नेमणूक दोघं करू शकतात, केंद्र सरकार आणि राज्य सरकार. शिक्क्यावर भारत सरकार असेल तर केंद्राच्या यादीत शोधायचं, राज्य सरकारचं नाव असेल तर राज्याच्या यादीत. केंद्राने नेमलेल्या नोटरींसाठी notary.gov.in हे पोर्टल आहे. राज्याच्या नोटरींची माहिती राज्याच्या विधी व न्याय विभागाकडे. आता होतं काय, माणूस राज्याचा नोटरी केंद्राच्या पोर्टलवर शोधतो, नाव मिळत नाही, आणि खोटा आहे खोटा आहे म्हणून घरभर सांगतो. तेव्हा आधी शिक्क्यावरचं सरकार वाचा, मग शोधा. आणि नाव ऑनलाइन दिसलं नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, याद्या नेहमी ताज्या असतातच असं नाही, खात्याला लेखी विचारता येतं.

यादीत नाव मिळालं की चार गोष्टी जुळवा: नावाचं स्पेलिंग, रजिस्ट्रेशन नंबर, भाग, आणि सर्टिफिकेटची मुदत. सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस ५ वर्षांचं असतं, मग रिन्यू करावं लागतं, आणि चालू सर्टिफिकेट नसताना नोटरीने काम करायला कायद्याने बंदी आहे. आपल्याला बघायचंय ते हे, की कागदावर जी तारीख आहे त्या तारखेला सर्टिफिकेट चालू होतं का. आज चालू आहे का याचा उपयोग नाही. आज संपलेलं असेल पण तेव्हा चालू होतं तर कागदाला काही होत नाही, आणि आज चालू असेल पण तेव्हा मध्ये खंड पडला होता तर प्रश्न आहे.

भागाबद्दल पण एक घोटाळा होतो. कागद करणारा माणूस कुठल्या गावचा आहे याचा भागाशी संबंध नाही, तो कुठूनही येऊ शकतो. नोटरीने सही-शिक्क्याचं काम कुठे बसून केलं ते त्याच्या नेमणुकीच्या भागात हवं. म्हणून कागदावर ठिकाण काय लिहिलंय ते बघा आणि शिक्क्यावरच्या भागाशी ताडून बघा.

आमच्या केसमध्ये नाव बरोबर, नंबर बरोबर, मुदतही बरोबर. फक्त एक खटकलं, यादीत भाग म्हणून अख्खा जिल्हा होता आणि शिक्क्यावर एका तालुक्याचं नाव. जुना शिक्का असेल, नेमणूक नंतर वाढवून मिळाली असेल, असंही होतं. म्हणून मी नुसतं टिपून ठेवलं.

तिसरं काम: रजिस्टर

खरी गंमत इथे आहे. प्रत्येक नोटरीला ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे नमुना १५ मध्ये, रजिस्टर ठेवावं लागतं. वापरायला काढण्याआधी पहिल्या पानावर या रजिस्टरला एकूण इतकी पानं आहेत असं लिहून त्याखाली सही आणि तारीख टाकायची असते, म्हणजे मधेच पान घुसवता किंवा फाडता येऊ नये. आत ओळीने अनुक्रमांक, तारीख, कुठलं काम केलं, कोणासाठी केलं त्याचं नाव-पत्ता, कागद कशाबद्दल आहे ते थोडक्यात, फी, आणि सह्या. सह्यांमध्ये ज्याने कागद केला त्याची पण सही असते. ही सही सगळ्यात मोलाची, कारण कागदावरची सही कोणी घरी बसून गिरवू शकतो, पण नोटरीच्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये सही करायला माणसाला तिथे जावं लागतं.

म्हणून रजिस्टर बघायला जाण्याआधी एक फुकटातला उपाय करा. ज्याच्या नावाने कागद आहे त्याला थेट फोन करून विचारा, की तुम्ही नोटरीकडे गेला होता का, आणि तिथे मोठ्या वहीत सही केली होती का. नंबर मात्र मध्यस्थाकडून घेऊ नका. मालकाचा नंबर सोसायटीच्या ऑफिसातून मिळतो, शेजाऱ्यांकडे असतो. बरीच माणसं सांगतात, नाही हो, कागद एजंटकडे दिले होते, तो शिक्का मारून घेऊन आला. हे ऐकलं की समजा, शिक्का खरा असला तरी समोर सही झाल्याचं जे लिहिलंय ते खरं नाही, आणि उद्या कोणी कोर्टात आव्हान दिलं तर असा कागद लंगडा पडतो. आम्हाला मालकाचा नंबर दोन दिवस मिळालाच नाही, त्यामुळे मी सरळ नोटरीकडे गेलो.

जाताना पत्ता शिक्क्यावरचा घेऊ नका, फोनही शिक्क्यावरचा लावू नका. बनावट शिक्क्यावर फोन नंबर बनवणाऱ्याच्याच माणसाचा असू शकतो, आणि तो गोड आवाजात सांगेल की हो हो आमच्याकडेच झालंय. पत्ता सरकारी यादीतून घ्या, नाहीतर कोर्टाच्या आवारात बार रूममध्ये विचारा, नोटरी बहुतेक वकीलच असतात, कुणीतरी सांगतंच.

तिथे गेल्यावर भांडायच्या आवाजात बोलू नका. खरा नोटरी असेल तर त्याच्या नावाचा गैरवापर झालाय का हे त्यालाही कळायला हवंच असतं. मी नेहमी छोटं पत्र घेऊन जातो, तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं आणि त्याचा पुढे उपयोग होत नाही. पत्र असं:

> मा. नोटरी यांस,
> सोबत जोडलेल्या कुलमुखत्यारपत्रावर आपला शिक्का व सही असून नोंद क्र. ३१८, दि. १४/०३/२०२३ असे लिहिले आहे. सदर नोंद आपल्या रजिस्टरमध्ये आहे का, असल्यास ती कोणाच्या नावे व कोणत्या कागदाची आहे, आणि शिक्का व सही आपलीच आहे का, हे कृपया लेखी कळवावे. शक्य असल्यास त्या नोंदीची प्रमाणित प्रत द्यावी, त्याची योग्य ती फी भरण्यास मी तयार आहे.

सोबत कागदाची स्वच्छ कॉपी, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच. या पत्रात मी मालकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नोंद कोणाच्या नावे आहे ते त्यांनी सांगायचं. तसं जोडलेल्या कॉपीत नाव असतंच, पण ऑफिसातला पोरगा घाईत नुसतं हो आहे म्हणून मोकळा होऊ नये एवढाच त्यामागचा हेतू.

रजिस्टर उघडलं की नुसता नंबर आहे का एवढंच बघू नका. ३१८ नंबर तर प्रत्येकच रजिस्टरमध्ये असणार. त्या नंबरसमोर तीच तारीख, तेच नाव, त्याच प्रकारचा कागद आणि त्या माणसाची सही, हे सगळं एका ओळीत हवं. मग त्याच्या वरच्या आणि खालच्या ओळींच्या तारखा बघा. ३१७ आणि ३१९ पण १४ मार्चच्या आसपास असल्या पाहिजेत. दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात कोंबलेली नोंद, ३१८अ असला नंबर, वेगळ्याच पेनाने शेवटच्या रिकाम्या जागेत लिहिलेलं काही, असं दिसलं तर ती नंतर घुसवलेली आहे असा संशय घ्यायला जागा आहे. नोटरी बाकीच्या लोकांची नावं कागदाने झाकून दाखवेल, ते बरोबरच आहे, आपल्याला तारखांचा रकाना दिसला तरी पुरे. फोटो काढू देईलच असं नाही, विचारून काढा.

आमच्या केसमध्ये काय निघालं? ३१८ वर २ फेब्रुवारीची तारीख, आणि समोर कुणाचं तरी नाव बदलाचं प्रतिज्ञापत्र. १४ मार्चला त्यांच्याकडे ७०१ ते ७०९ अशा नऊ नोंदी झालेल्या, त्यात एकही कुलमुखत्यारपत्र नाही. त्यांनी आमचा कागद हातात घेतला, चष्मा वर केला, आणि म्हणाले, सही माझ्यासारखी आहे पण माझी नाही, आणि माझ्या शिक्क्यावर जिल्हा आहे, हा तालुका कोणी लिहिला. त्यांनी स्वतःचा शिक्का कोऱ्या कागदावर मारून दाखवला, शेजारी ठेवल्यावर अक्षरांची जाडीसुद्धा वेगळी दिसत होती. म्हणजे कोणीतरी खरं नाव आणि खरा रजिस्ट्रेशन नंबर कुठल्यातरी जुन्या कागदावरून उचलून शिक्का बनवून घेतला होता, म्हणूनच यादी तपासून काही हाती लागलं नव्हतं. नंबर मात्र बनवणाऱ्याने अंदाजाने टाकला, आणि तिथेच तो सापडला.

नोंद जुळली नाही तर सगळंच खोटं असतं का

नाही, थोडा दम धरा. वर्ष बदललं की काही जण क्रमांक परत १ पासून सुरू करतात, काहींचे सलग चालतात, त्यामुळे आधी रजिस्टर कुठल्या वर्षाचं उघडलंय ते विचारा. ३१८ चं ३७८ वाचलं गेलं असंही होतं, हाताने लिहिलेले आकडे असतात. अशा वेळी नंबर सोडून तारखेवरून शोधा, त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी बघा, नाव मिळालं तर ती लिहिण्यातली चूक, आणि नोटरीकडून तसं लेखी घ्या. तारखेवरूनही नाव मिळालं नाही, आणि फीची पावती पण कोणाकडे नाही, तर मग चूक म्हणून सोडून देऊ नका. नोटरीने घेतलेल्या फीची पावती द्यायची असते, तेव्हा ज्याने कागद आणलाय त्याला पावती मागणं हा पण एक चांगला प्रश्न आहे. खरा माणूस पावती हरवली म्हणेल, पण कुठे गेलो, कधी गेलो, सोबत कोण होतं हे सांगेल.

आणखी एक प्रकार असतो, नोटरी खरा, शिक्का त्याचाच, सही त्याचीच, पण रजिस्टरमध्ये नोंद नाही. शिक्का मारून दिला आणि नोंद केलीच नाही. हे नोटरीचं चुकलेलं काम आहे, आणि असा कागद तुमच्याकडे असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, मागच्या तारखेची नोंद घालून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा, कारण मग तुम्हीही त्यात सामील. कागद करणाऱ्या माणसाला घेऊन नव्याने, आजच्या तारखेने करून घ्या.

नोटरी दादच देत नसेल, रजिस्टर दाखवायला तयार नसेल, तर त्याला ज्या सरकारने नेमलंय त्यांच्याकडे नियमातल्या नमुना १३ मध्ये तक्रार करता येते, त्यावर चौकशी होऊ शकते. रजिस्टरची तपासणी करायचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांनाही नियमांनी दिलाय. आणि कागद आधीच एखाद्या दाव्यात दाखल असेल तर तुमच्या वकिलाला सांगून नोटरीला रजिस्टर घेऊन साक्षीला बोलवायचा अर्ज कोर्टात करता येतो, तिथे मग टाळाटाळ चालत नाही. परदेशात बसून केलेल्या कुलमुखत्यारपत्राला मात्र हे काही लागू नाही, ते तिथल्या नोटरीकडे किंवा भारतीय वकिलातीत होतं आणि त्याची तपासणी वेगळी.

शिक्काच बनावट निघाला, आमच्यासारखा, तर क्रम असा ठेवा. पैसे दिले नसतील तर देऊ नका. नोटरीकडून शिक्का व सही माझी नाही, नोंद नाही, असं तारीख टाकून लेखी घ्या. ज्याच्या नावाने कागद बनवलाय त्याला कळवा, कारण त्याचं नाव वापरून तो माणूस अजून कुठे कुठे गेला असेल सांगता येत नाही. मग हे सगळं घेऊन पोलिसांकडे लेखी तक्रार. ओरिजिनल तुमच्याकडे असेल तर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, घडी न घालता, स्टेपल न मारता, आणि पोलिसांना दिलं तर त्याची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

मैत्रिणीने त्या माणसाला फोन करून एवढंच विचारलं की मालक नोटरीकडे कितीला गेले होते हो. तो म्हणाला विचारून सांगतो, आणि त्यानंतर त्याचा नंबर बंद. मालकाचा खरा नंबर आम्हाला तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून मिळाला, आणि मालकांना आपला फ्लॅट भाड्याने द्यायचाय हेच माहीत नव्हतं.